खेळाच्या बाईंचा दम

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं, कारण आपल्यावर कोणी काही लिहिलंय हे खेळाच्या बाईंना कळलं तर शिक्षा ठरलेली असायची, मैदानाला फेऱ्या. मग लक्षात आलं की हल्ली त्या कोणालाच फेऱ्या मारायला लावत नाहीत. सगळी गोष्ट त्याचीच तर आहे. म्हणून आता एका दमात लिहून टाकते, मधे थांबले तर परत पुसेन.

तर खेळाच्या बाई. मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं पी.टी. शिकवणाऱ्या. गळ्यात स्टीलची शिट्टी, पायात पांढरे बूट, आणि पाठ अशी ताठ की बस थांब्यावर उभ्या राहिल्या तरी मागची माणसं आपोआप रांगेत यायची. त्यांची एक लांब शिट्टी होती. ती सुरू झाली की मैदानावरच्या तीनशे मुली आहे त्या पायावर थांबायच्या, एखादीचा पाय हवेत असला तर हवेत. शिट्टी संपली की बाईंचं ठरलेलं वाक्य यायचं, "ओळ सरळ करा, कुजबुज बंद!" मधे श्वास घेतलेला कोणी पाहिला नव्हता. मुलींमध्ये अशी समजूत होती की बाई सकाळी घरून निघताना दिवसभराचा श्वास घेऊनच येतात.

मैदानावर दोन गोष्टींना क्षमा नव्हती. एक, भिंतीला टेकणं. दोन, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून धापा टाकणं. "म्हातारी झालीस का गं?" असं विचारून त्या वाकलेलीला सरळ करायच्या. "पोट आत, छाती पुढे, खांदे मागे, दम धर!"

आणि मग एका थंडीत बाईंना ताप आला. साधा फ्लू, त्या म्हणाल्या. चौथ्या दिवशीही त्या शाळेत गेल्या, कारण उंच उडीची निवड होती. पाचव्या दिवशी त्यांच्या सासूबाईंनी त्यांच्या निळसर पडलेल्या ओठांकडे पाहिलं आणि शेजाऱ्यांची गाडी मागवली. विषाणूचा न्यूमोनिया, दोन्ही बाजूंचा, आणि तोही जोरदार. अतिदक्षता विभाग, तोंडावर मास्क, जोरात येणारा ऑक्सिजन, पोटावर पालथं झोपवणं, सगळं झालं. बाई तिथे होत्या तोवर शाळेत पी.टी.च्या तासाला गणित होत होतं, त्यामुळे बाई बऱ्या व्हाव्यात असं मुलींना अगदी मनापासून वाटत होतं.

बाई वाचल्या. तीन आठवड्यांनी घरी आल्या. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रुग्णवाहिकेतल्या माणसाने खुर्ची आणली. बाई म्हणाल्या, "माझी मी चढेन." पहिल्या वळणापर्यंत चढल्या. तिथे कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यातून काही आलं नाही. मग खुर्चीत बसल्या आणि वरपर्यंत भिंतीकडे बघत गेल्या.

घरात त्या दोघीच. नवरा नोकरीसाठी परगावी, महिन्यातून दोनदा येणारा. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, सडपातळ, भाजीची पिशवी घेऊन दिवसातून चारदा जिना उतरणाऱ्या-चढणाऱ्या. डॉक्टरांनी घरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर दिलं होतं. बाईंचं मोजून झालं की सासूबाई स्वतःचं बोट घालायच्या.

"तुझे किती?"

"चौऱ्याण्णव."

"माझे अठ्ठ्याण्णव," सासूबाई म्हणायच्या आणि चहा टाकायला जायच्या.

घरी आल्यावर बाईंना वाटलं होतं, आठवड्याभराचा प्रश्न आहे. ताप गेला, खोकला गेला, रिपोर्टात डॉक्टरांनी "सुधारणा" लिहिलं, मग राहिलं काय? राहिला होता तो दम. म्हणजे दम नसणं राहिलं होतं. आंघोळ केली की पलंगावर आडवं व्हावं लागायचं. केस विंचरताना हात वर केले की धाप. फोनवर बोलताना वाक्य मधेच तुटायचं, पलीकडच्याला वाटायचं लाइन गेली. त्यांनी एकदा खोलीत कोणी नसताना आपलं वाक्य म्हणून पाहिलं. "ओळ सरळ," एवढंच झालं. "करा" पुढच्या श्वासात गेलं. कुजबुज बंद झालीच नाही.

तेवढ्यात मोठ्या बाई भेटायला आल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, अंगाने भरलेल्या, स्वभावाने भल्या, पण शाळा चालवायची असलेल्या. आल्या त्याही दम खात खातच, जिना त्यांनाही पेलत नव्हता. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही घाईच करू नका. सुट्टीनंतर शाळा उघडेल ना, तेव्हा बघू. ग्रंथालयाच्या मॅडम निवृत्त होतायत. जागा छान आहे, पंखा आहे, खुर्ची आहे."

"ग्रंथालयात शिट्टी चालते?" बाईंनी विचारलं.

"नाही हो, तिथे कसली शिट्टी."

"मग मी मैदानावर येईन."

मोठ्या बाईंनी पदराने कपाळ पुसलं. "असं करा. शाळेच्या पहिल्या दिवशी सगळ्या शाळेची कवायत तुम्ही घ्या. निभावलीत तर मैदान तुमचं. नाहीतर मुकाट्याने ग्रंथालय. कबूल?"

बाईंनी मान हलवली. "कबूल" म्हणायला दम पुरला नव्हता.

मोठ्या बाई जिना उतरल्याबरोबर बाईंनी सराव सुरू केला. सराव म्हणजे त्यांना माहीत असलेला एकच प्रकार, जोर लावायचा. त्यांनी कपाटातून शिट्टी काढली, छाती फुगवली, खांदे वर उचलले आणि लांब शिट्टी मारली. अर्ध्यातच खोकल्याची उबळ आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि त्या टेबलाला धरून खाली बसल्या. स्वयंपाकघरात सासूबाईंनी कुकरचा गॅस बंद केला.

"तिसरी होती ना?" त्यांनी आतून विचारलं.

त्या दिवशी बटाटे कच्चे राहिले.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी फुगे आणून दिले. फुगे फुगवले की फुफ्फुसं मोकळी होतात, त्यांच्या मेहुण्याने सांगितलं होतं. बाईंनी एका दुपारी इतके फुगे फुगवले की घरात वाढदिवस आहे असं वाटावं, आणि संध्याकाळी त्यांची छाती अशी दुखायला लागली की सासूबाईंनी पुन्हा शेजाऱ्यांच्या गाडीला हाक मारली. डॉक्टरांनी तपासलं. स्नायू दुखावले होते, बाकी काही नव्हतं. ते चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "फुफ्फुस अजून नाजूक आहे. असं जोर लावून फुंकायचं, श्वास कोंडून धरायचा, हे नको. छातीत अचानक दुखलं, बसल्या जागी धाप लागली, ऑक्सिजन ब्याण्णवच्या खाली गेला, थुंकीत रक्त आलं किंवा एखादी पोटरी सुजली, तर वाट न बघता यायचं. आणि व्यायाम ज्यांनी शिकवायचा त्यांनाच शिकवू द्या." आणि त्यांनी खाली फिजिओथेरपीत पाठवलं.

फिजिओथेरपी विभाग तळमजल्यावर, एका लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला. पांढऱ्या कोटातली एक तरुण बाई समोर आली, खाली नजर, हातात पेन. तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा शाळेतल्यासारखा झाला.

बाईंनी तिला दोन सेकंदांत ओळखलं. "पोटदुखी!"

विभागातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

ही मुलगी पाचवी ते दहावी दर पी.टी.च्या तासाला पोट धरून मैदानाच्या कडेला बसलेली असायची. सहा वर्षं. बाईंनी तिचं नावच ते ठेवलं होतं. शाळेच्या इतिहासात एवढं सातत्याने कोणाचं पोट दुखलेलं नव्हतं.

"बसा बाई," पोटदुखी म्हणाली. तिने खुर्ची पुढे केली.

"तू मला व्यायाम शिकवणार?"

"हो बाई."

"आता दुखतं का गं पोट?"

"तुम्ही समोर आलात की थोडं."

आधी चालण्याची चाचणी. कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकचे नारिंगी शंकू ठेवलेले, शाळेतल्यासारखेच, एक तर टोकाला तसाच फुटलेला. पोटदुखीने बाईंच्या बोटाला मशीन लावलं आणि समजावलं, "सहा मिनिटं आहेत. तुमच्या वेगाने जमेल तेवढं चालायचं. दम लागला तर थांबायचं, भिंतीला टेकायचं, परत चालायचं. ही शर्यत नाही."

शेवटचं वाक्य बाईंनी ऐकलं नाही. शंकू दिसले होते. त्यांनी डावा पाय पुढे टाकला, मुठी वळल्या, आणि पोटदुखीने "सुरू" म्हणताच त्या सुटल्या. सुरुवातीला मशीनवर शहाण्णव होते. दुसऱ्या फेरीला त्यांनी कुबडीवरच्या एका आजोबांना मागे टाकलं. आजोबा चाचणीत नव्हते, ते एक्स-रेला चालले होते. तिसऱ्या फेरीत पोटदुखी बाजूने चालत म्हणाली, "बाई, थांबा." बाईंनी एक बोट वर करून अजून एकच फेरी अशी खूण केली. "बाई, सत्त्याऐंशी झालेत. थांबा!" हे दुसरं "थांबा" असं निघालं की बाई आहे त्या पायावर थांबल्या.

पोटदुखीने त्यांना खुर्चीत बसवलं. कोपरं मांड्यांवर, धड पुढे झुकलेलं, मनगटं सैल, मान सैल. "खांदे सोडा बाई. नाकाने आत. आता ओठांचा चंबू करून बाहेर, हळू. समोर मेणबत्ती आहे समजा. ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये."

बाईंनी ज्योत विझवली.

"हळू. आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ बाहेर. घाई नाही."

"आत... येतच नाही... तर बाहेर... काय सोडू?"

"बाहेर नीट गेला की आत आपोआप येतो. तुम्ही भरलेल्या पेल्यात पाणी ओतताय."

हळूहळू आकडा चढला. पोटदुखीने तरी डॉक्टरांना बोलावलंच, कारण चालताना एवढा उतरला तर ते बघायलाच हवं असतं. डॉक्टरांनी फुफ्फुसात रक्ताची गुठळी नाही ना हे स्कॅन करून पाहिलं. नव्हती. न्यूमोनियाचे डाग मात्र होते, भरत आलेले. "याला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले. "जोरदार न्यूमोनियानंतर आठवडे नाही, महिने. तीन महिन्यांनी बहुतेकांना बराच फरक वाटतो, काहींना सहा लागतात, काहींना त्याहून जास्त. थकवा तर दमापेक्षाही रेंगाळतो. मधे परत एक्स-रे काढू. आणि सध्या एवढा वेग नको, मॅडम."

बाईंनी बोटांवर हिशेब केला. शाळा उघडायला तीन महिनेही नव्हते.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा बाई तळमजल्यावर जायला लागल्या आणि तिथे जे सुरू झालं त्याला बाई वर्ग म्हणायच्या आणि पोटदुखी उपचार म्हणायची.

पहिला धडा पोटाचा. पाठीवर झोपायचं, गुडघे दुमडून, एक हात छातीवर, एक पोटावर. श्वास घेताना पोटावरचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा जवळपास हलू नये. बाईंचा छातीवरचा हात असा उचलला जायचा की ध्वजवंदन चाललंय. पोट आत.

"पोट सोडा, बाई."

"सव्वीस वर्षं मुलींना पोट आत घ्यायला सांगतेय मी."

"म्हणून तर माझं दुखायचं."

 बाईंनी पोट सोडलं. हात हलला, थोडासाच. पोटदुखीने मान डोलावली, अगदी बाईंसारखी.

मग तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र. बाईंनी नळी तोंडात धरून जोरात फुंकलं. चेंडू हलले नाहीत. "बिघडलंय." पोटदुखी म्हणाली, "फुंकायचं नाही, ओढायचं. आधी श्वास सोडा, मग नळीने सरबत पितो तसं हळू ओढा." बाईंनी एका झटक्यात तिन्ही चेंडू छताला लावले आणि विजयी मुद्रेने बघितलं. "असं नाही. एकच चेंडू उचला, पण दोन-तीन सेकंद वर ठेवा. आणि चार-पाच वेळा झालं की विश्रांती, सलग केलंत तर चक्कर येईल." घरी सासूबाईंनी पण एकदा ओढून पाहिलं आणि दोन चेंडू उचलून यंत्र जागेवर ठेवलं. त्यावर त्या दिवसभर काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

सगळ्यात कठीण होता जिना. तिथे बाईंची सवय आडवी यायची. पायरी चढायची, जड उचलायचं म्हटलं की त्या दम धरायच्या, तेच त्या मुलींना शिकवत आल्या होत्या. "उलटं करा," पोटदुखी म्हणाली. "ज्या क्षणी जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडायचा. पाय वर टाकताना सोडा. खुर्चीतून उठताना सोडा. बादली उचलताना सोडा. श्वास कोंडलात की संपलं."

"आणि मधेच दम लागला तर?"

"थांबायचं. कठड्यावर हात टेकून पुढे झुकायचं. नाहीतर भिंतीला पाठ टेकायची, पाय थोडे पुढे. नाहीतर गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचं."

"काय म्हणालीस?"

"गुडघ्यांवर हात," पोटदुखी म्हणाली. "हात टेकलेले असले की खांद्यांचे स्नायू श्वासाला मदत करतात. आम्ही मैदानावर आळस करत नव्हतो बाई. शरीर आपणहून करतं ते."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. भिंत मोकळी होती. पण त्या टेकल्या नाहीत, बाकावर जाऊन बसल्या.

मग एक दिवस जिन्यात असा दम लागला की आता जीव जातोय असं वाटलं, आणि मशीन लावलं तर पंचाण्णव. बाईंनी मशीन आपटलं, परत पंचाण्णव. सासूबाईंनी लावलं, अठ्ठ्याण्णव. "माझ्यासाठी बिघडलंय," बाई म्हणाल्या. पोटदुखीने पुढच्या वेळी समजावलं की मशीन ठीक आहे. फुफ्फुसं भरून येतायत, पण तीन आठवडे झोपून पायांचे आणि छातीचे स्नायू ढिले पडलेत, ते थोड्या कामालाही जास्त हवा मागतात. त्यात घाबरलं की माणूस वरवरचे भराभर श्वास घेतो आणि धाप अजून वाढते. "आकडा चांगला आहे, बसल्यावर पाचेक मिनिटांत धाप बसतेय, तर ती घाबरायची धाप नाही. वाढवायची ताकद आहे. खुर्चीतून उठा-बसा, थोडं चाला, रोज. पण चालताना एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता आलं तर अजून थोडं करू शकता. वाक्य तुटलं तर जास्त होतंय."

"कुठलं वाक्य?"

"कुठलंही."

बाईंना एकच येत होतं. दुसऱ्या दिवसापासून इमारतीच्या जिन्यात सकाळ-संध्याकाळ आवाज यायला लागला. "ओळ सरळ करा." धाप. "कुजबुज बंद." पहिल्या मजल्यावरचे काका दाराबाहेर चप्पल ठेवायचे ती एका रेषेत ठेवायला लागले. दूधवाला वर येताना बोलायचा बंद झाला.

एका चांगल्या दिवशी, म्हणजे सकाळी उठल्या आणि छान वाटलं त्या दिवशी, बाईंनी जिना दोनदा केला, न्हाणीघर घासलं, पडदे काढून धुतले. त्यानंतर दोन दिवस त्या पलंगावरून उठल्या नाहीत. पोटदुखी फोनवर ओरडली. खरंच ओरडली. "चांगल्या दिवशी सगळं करायचं नसतं बाई! चांगला दिवस वाटून खायचा असतो!" फोन ठेवल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कोण होतं?"

"माझ्या बाई," बाई म्हणाल्या.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात परत ती चालण्याची चाचणी झाली. बाई शंकूपाशी उभ्या राहिल्या. मुठी वळल्या होत्या. मग त्यांनी त्या उघडल्या. चालल्या, बेताने, ओठांचा चंबू करून. कुबडीवाले आजोबा त्यांना मागे टाकून गेले. त्यांनी जाऊ दिलं. चौथ्या मिनिटाला दम लागला तेव्हा त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं, आणि मग त्या सरळ भिंतीला टेकल्या. आयुष्यात पहिल्यांदा. परत निघाल्या. आकडा ब्याण्णवच्या खाली गेला नाही आणि अंतर पहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त झालं.

"कवायत घेता येईल?" त्यांनी विचारलं.

पोटदुखी विचार करून म्हणाली, "करून दाखवू नका. उभं राहून सांगा. लांब शिट्टी नको. आणि दम लागला तर थांबायचं, बाई. सगळ्यांसमोर."

"तेवढं सोडून सगळं करीन."

"मग ग्रंथालयात पंखा आहे," पोटदुखी म्हणाली.

शाळेचा पहिला दिवस. तीनशे मुली ओळीत. म्हणजे ओळीसारख्या कशात तरी. मोठ्या बाई व्हरांड्यात, बाकीच्या शिक्षिका त्यांच्यामागे. सासूबाई पण आल्या होत्या, पिशवीत पाण्याची बाटली आणि मशीन घेऊन, फाटकापाशी उभ्या. बाई कपडे बदलायच्या खोलीतून निघाल्या. पांढरे बूट, ताठ पाठ, गळ्यात शिट्टी. मैदानाच्या मधल्या ओट्यापर्यंत जायचं होतं. पूर्वी त्या तिथे पोचायच्या ते कोणाला दिसायचंही नाही.

अर्ध्यावर दम लागला. हळूच चालत होत्या, पण ऊन होतं, सगळे बघत होते, आणि बघतायत म्हटल्यावर पोट आपोआप आत गेलं आणि छाती पुढे. श्वास वर वर, भराभर. ओटा तिकडेच राहिला. शिट्टीकडे हात गेला. एक लांब शिट्टी मारली की सगळ्या थांबतील, मग कसंही पोचू, असं वाटलं. त्यांनी शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि नेमकं तेव्हा त्यांना ते टेबल आठवलं, ते काजवे आठवले, आणि कच्चे बटाटे. इथे आपण खाली बसलो तर मग उठून थेट ग्रंथालयात.

बाईंनी शिट्टी हातातून सोडली. तीनशे मुली, सगळा व्हरांडा आणि एका सासूच्या देखत त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि वाकल्या.



खांदे सोडले. पोट सोडलं. नाकाने आत. चंबू करून बाहेर, हळू. ज्योत हलली, विझली नाही. परत.

पुढच्या ओळीतल्या पाचवीच्या एका मुलीने, शाळेत नवीनच होती, तिला काय माहीत, बाईंकडे पाहिलं, तिला वाटलं कवायत सुरू झाली. तिने गुडघ्यांवर हात ठेवले आणि वाकली आणि फुंकलं. शेजारचीने तिचं पाहून केलं. मग ओळ, मग मागची ओळ. दहावीच्या मुलींनी आधी एकमेकींकडे बघितलं, या मैदानावर असं वाकलं की काय होतं हे त्यांना चांगलंच माहीत होतं, आणि मग त्याही वाकल्या. बाईंनी मान वर केली तेव्हा तीनशे मुली गुडघ्यांवर हात ठेवून हळू हळू फूऽऽ करत होत्या. व्हरांड्यात मोठ्या बाईंनीही कठड्यावर हात टेकून दोनदा करून पाहिलं आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

बाई सरळ झाल्या. चालत ओट्यापर्यंत गेल्या. ओट्यावरची पायरी चढताना श्वास सोडला. मग पूर्वीच्या निम्म्यानेही नसलेल्या आवाजात, जणू शेजारणीला सांगतायत अशा, म्हणाल्या,

"ओळ सरळ करा, कुजबुज बंद."

एका श्वासात. पुरला, वर थोडा उरला. आणि आवाज इतका हळू होता की तो ऐकू यावा म्हणून मुलींना आधीच गप्प व्हावं लागलं होतं. ओळी सरळ झाल्या.

कवायत झाली. मधे दोनदा थांबून, सहावीच्या एकीला पुढे उभी करून, तिच्याकडून करवून. बाई स्वतः फक्त सांगत होत्या. संपल्यावर मोठ्या बाई ओट्यापाशी आल्या. "मैदान तुमचं," त्या म्हणाल्या. "पण पहिले दोन महिने अर्धाच दिवस. आणि इथे एक खुर्ची असेल."

"खुर्ची चालेल," बाई म्हणाल्या.

"आणि ते फूऽऽ करायचं कवायतीत ठेवा हं. मलाही जमलं."

सासूबाईंनी जवळ येऊन बाईंचं बोट धरून मशीन लावलं. "पंचाण्णव," त्यांनी वाचलं. मग कधी नाही ते स्वतःचं बोट न लावता मशीन पिशवीत टाकलं.

आता बाई ओट्याशेजारी खुर्चीवर असतात, सकाळी. जिना अजून एका दमात होत नाही. मधे वळणावर थांबतात, खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकतात, रस्ता बघतात. थंड हवेत जास्त त्रास होतो, थकल्या की खोकला येतो. शिट्टी गळ्यात आहे, छोट्या छोट्या वाजवतात. लांब शिट्टीबद्दल कोणी विचारलं तर "बघू" म्हणतात. आणि तासाला कोणाचं पोट दुखत असेल तर तिला शेजारी बसवून घेतात आणि विचारतात, कुठे दुखतं, कधीपासून.

त्यांना भेटायला जा. खरंच जा, याच आठवड्यात, आमच्या वेळच्या सगळ्यांनी. आणि तुमच्या माहितीत कोणी असं दवाखान्यातून घरी आलं असेल, दोन-चार महिने झालेत आणि तुम्ही म्हणताय की आता ठणठणीत असेल, तर त्यांच्याकडेही जा. फोन करू नका, फोनवर बोलायला दम लागतो. तुम्हीच जिना चढा, त्यांना खाली बोलावू नका. फुगे नेऊ नका. सोबत चालायला निघालात तर त्यांच्या वेगाने चाला. ते मधेच थांबून गुडघ्यांवर हात ठेवून वाकले तर "काय झालं, काय झालं" करू नका, तुम्हीपण वाका आणि फूऽऽ करा, हळू, ज्योत विझू न देता. पण लवकर जा.